पुराचे पाणी, पोटऱ्या आणि लाल डोळे

पावसाळ्यात डोळे लाल होण्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. साथ असली की घरोघरी डोळे येतात. सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात, चारपाच दिवसांत उतारही पडतो. पण एक लाली निराळी असते. दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग लालबुंद होतो, खालची पापणी जरा ओढून पाहिली तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून जाळीसारख्या दिसतात, आणि तरी चिपड नाही, पू नाही, पापण्या चिकटलेल्या नाहीत. डोळे नुसते रक्ताने भरल्यासारखे दिसतात. अशी लाली ताप चढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसली, माणूस पोटऱ्यांना हात लावू देत नसेल आणि बाहेर पावसाळा असेल, तर मुंबईतल्या किंवा कोकणातल्या अनुभवी डॉक्टरच्या मनात लेप्टोस्पायरोसिसचं नाव येतंच. आपण त्याला नुसतं ‘लेप्टो’ म्हणतो.

डोळा आणि पोटरी यांचा आपसात काय संबंध? आणि या दोघांचा गटाराच्या पाण्याशी काय? या आजाराकडे बघताना मला सगळ्यात जास्त नवल याचंच वाटतं. उत्तर शोधायला सुरुवात मात्र माणसापासून करून चालत नाही, उंदराच्या मूत्रपिंडापासून करावी लागते.

लेप्टोस्पायरा हा जिवाणू स्क्रूसारख्या पिळाचा, टोकांना आकड्यासारखा वळलेला आणि विलक्षण बारीक असतो. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास आणि जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी, म्हणजे जाडीच्या शंभरपट लांबी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. पार्श्वभूमी काळी करून बाजूने प्रकाश टाकला तर काळोखात चमकणारे, स्वतःभोवती गरगर फिरणारे धागे दिसतात. त्याचं शेपूट इतर जिवाणूंसारखं बाहेर लोंबत नाही. दोन्ही टोकांकडून निघालेला एकेक तंतू त्याच्या आवरणाच्या आतच असतो. तो तंतू फिरला की अख्खा जिवाणू पिळाने पुढे सरकतो. चिकट, दाट माध्यमात जिथे बाकीचे जिवाणू अडखळतात, तिथे हा सहज वाट काढतो.

त्याचं खरं घर म्हणजे उंदीर आणि घुशी. गटारात, गोदामांत, मंडईच्या मागे राहणाऱ्या उंदराला तो लहानपणीच लागतो आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या आतल्या भिंतीवर थर करून बसतो. उंदराला काहीही होत नाही. तो खातो, पितो, पिल्लं घालतो आणि जन्मभर त्याच्या मुतातून लाखो जिवाणू बाहेर पडत राहतात. कुत्री, गाईगुरं, डुकरंही त्याचा प्रसार करतात, पण शहरात मुख्य वाहक उंदीरच. सुक्या, उन्हाने तापलेल्या जमिनीवर हे जिवाणू लवकर मरतात. खारं पाणी आणि क्लोरीन त्यांना सोसत नाही. पण गोडं, कोमट, फार आम्ल नसलेलं पाणी किंवा ओली माती मिळाली तर ते आठवडेच्या आठवडे तग धरतात. ही यादी वाचली की आपल्याकडच्या जुलै महिन्याचंच वर्णन वाचल्यासारखं वाटतं.

एरवी उंदराचं मूत बिळाजवळ, गटाराच्या कडेला पडतं आणि बहुतेक तिथेच राहतं. पाणी तुंबलं की बिळं भरतात, गटार आणि रस्ता एक होतात आणि काल उंदरांच्या जगात असलेलं सगळं आज आपल्या गुडघ्यांभोवती फिरू लागतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला. त्या दिवशी लाखो माणसं कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी गेली. पाणी ओसरलं, चिखल उपसला गेला आणि ऑगस्टमध्ये मुंबईच्या रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण येऊ लागले. पाऊस आणि आजार यांच्यामध्ये पडलेलं ते आठवड्या-दोन आठवड्यांचं अंतर या जिवाणूला शरीरात लागणाऱ्या वेळाचं होतं.

हे अंतर समजून घ्यायला एक काल्पनिक रुग्ण घेऊ. परळच्या एका कचेरीत काम करणारा, पस्तिशीचा, एरवी धडधाकट गृहस्थ. 9 जुलैला दुपारपासून संततधार. संध्याकाळी हिंदमाताजवळ गुडघाभर पाणी. बस बंद, टॅक्सी नाही, म्हणून चपला हातात घेऊन तो दादर स्टेशनापर्यंत त्या पाण्यातून चालत गेला. अर्धा-पाऊण तास लागला. पायाला मोठी जखम नव्हती, पण आठवडाभर ओल्या बुटांत राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या आणि टाचांना भेगा होत्या. घरी येऊन त्याने साबणाने पाय धुतले, चहा घेतला आणि विषय संपला.

लेप्टोस्पायराला धडधाकट, कोरडी कातडी भेदता येत नाही. त्याला फट लागते. चिखली, भेग, खरचटलेला गुडघा, दाढी करताना कापलेली जागा किंवा डोळ्याचं, नाकाचं, तोंडाचं ओलसर अस्तर, यांतलं काहीही चालतं. शिवाय पाण्यात बराच वेळ राहून कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ झाली की तिचा अटकाव आणखी ढिला पडतो. आत शिरताना तो खूण ठेवत नाही. प्रवेशाच्या जागी पू होत नाही, गळू येत नाही, लालसुद्धा होत नाही. थोड्याच वेळात तो रक्तात असतो.

रक्तात आल्यावर शरीराची पहाऱ्याची व्यवस्था त्याला लगेच का पकडत नाही? याचं उत्तर गेल्या काही दशकांत मिळालं आणि ते थक्क करणारं आहे. अनेक जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात स्निग्ध पदार्थ आणि साखर यांचा बनलेला एक रेणू असतो. आपल्या पेशींवर एक ग्राहक-रेणू आहे, त्याचं कामच तो रेणू ओळखून धोक्याची सूचना देणं हे आहे. पण लेप्टोस्पायराच्या त्या रेणूची घडण जराशी वेगळी आहे. उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांचा ग्राहक-रेणू ती ओळखतो, माणसाचा ओळखत नाही. उंदीर जिवाणूला काबूत ठेवून त्याच्याबरोबर जगतो. आपल्या शरीराला मात्र सुरुवातीचे दिवस पत्ताच लागत नाही आणि तेवढ्या वेळात जिवाणूंची संख्या वाढत जाते. संसर्गापासून तापापर्यंत साधारण पाच ते चौदा दिवस जातात. क्वचित दोन दिवसांत ताप येतो, क्वचित महिनाही लागतो.

आपल्या गृहस्थाला 18 जुलैला दुपारी हुडहुडी भरली. तासाभरात ताप 103 फॅरनहाइट, म्हणजे 39 सेल्सियसच्या वर. डोकं ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पोटऱ्यांत अशी कळ आली की त्याला भिंत धरावी लागली. बायकोने तेल चोळायला हात लावला तर तो ओरडला. तिसऱ्या दिवशी डोळे लाल. फ्लू असेल, चालून चालून पाय दुखत असतील, असं घरच्यांना वाटलं. हिंदमाताचं पाणी कुणालाच आठवलं नाही, कारण मध्ये नऊ दिवस सुखाचे गेले होते.

डोळा आणि पोटरी यांचा सांधा इथे आहे. रक्तात फिरणारे हे जिवाणू सगळ्यात जास्त इजा करतात ती केशवाहिन्यांना. केसाहून बारीक असलेल्या या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी ढिल्या पडतात आणि रक्तातला द्रव, कधी रक्तही, बाहेर झिरपू लागतं. अशा वाहिन्या शरीरात सगळीकडे आहेत, पण उघड्या नजरेला दिसतात त्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच. तिथे त्या फुगतात आणि डोळा लाल होतो. डोळ्यात दाह करणारे जंतू वाढलेले नसतात, म्हणून चिपड येत नाही. स्नायूंत काय होतं ते आपल्याला दिसत नाही, जाणवतं. पोटरीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला तर काही तंतू मधूनमधून मेलेले, त्यांच्यातले आडवे पट्टे पुसलेले आढळतात. मेलेल्या तंतूंतून सीपीके नावाचं द्रव्य रक्तात उतरतं आणि रक्त तपासलं की ते वाढलेलं दिसतं. म्हणून हे दुखणं तापातल्या नेहमीच्या अंगदुखीसारखं नसतं. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, पण पोटरी दाबली तर उलट बरं वाटतं. लेप्टोमध्ये पोटरी नुसती अलगद दाबली तरी रुग्ण पाय आखडून घेतो. कंबर आणि मांड्याही दुखतात, पण पोटऱ्यांची तक्रार सगळ्यात मोठी.

तरीही या खुणांनी लेप्टो पक्का होत नाही. त्याच आठवड्यांत मुंबईत डेंग्यू आणि मलेरियाही असतात आणि तिघांची सुरुवात सारखीच होते. अनेकांची पहिली नजर प्लेटलेट्सवर जाते, पण त्या तिन्ही आजारांत घटू शकतात, त्यामुळे त्यांच्यावरून निवाडा होत नाही. पांढऱ्या पेशींचा उपयोग जास्त. डेंग्यूत त्या बहुधा कमी होतात, लेप्टोत बऱ्याचदा वाढतात. मलेरियाचा परजीवी रक्ताच्या काचपट्टीवर किंवा झटपट चाचणीत दिसतो. लेप्टोत लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिनं आणि पेशी सापडतात, कारण जिवाणू एव्हाना आपल्या मूळ सवयीप्रमाणे मूत्रपिंडाकडे पोहोचलेले असतात. कधी कधी एकाच माणसाला दोन आजार एकदम असतात, म्हणून एक चाचणी पॉझिटिव्ह आली की दुसरा संशय लगेच सोडून देऊ नये.

मग लेप्टोची स्वतःची चाचणी करून मोकळं का होऊ नये? अडचण वेळेची आहे. नेहमी होणारी आयजीएम एलायझा ही चाचणी जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती पुरेशी बनायला तापाचे पाच-सहा दिवस जावे लागतात. आपल्या गृहस्थाची चाचणी तिसऱ्या दिवशी केली असती तर बहुधा निगेटिव्ह आली असती आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. पहिल्या आठवड्यात रक्तातल्या जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते, पण ती सगळीकडे होत नाही. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचा तर तो इतका सावकाश वाढतो की निकालाला कित्येक आठवडे लागतात. तोवर रुग्ण बरा झालेला असतो किंवा हाताबाहेर गेलेला असतो.

म्हणून डॉक्टर गुण देतात. फेन या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक निकषांची यादी आहे आणि तिच्यात भारतातल्या डॉक्टरांनी आपल्या परिस्थितीप्रमाणे सुधारणा केली. आपल्या गृहस्थाचे गुण मोजून पाहू. डोकेदुखीचे 2, तापाचे 2, ताप 39 सेल्सियसच्या वर असल्याचे आणखी 2, स्नायूंच्या, विशेषतः पोटऱ्यांच्या दुखण्याचे 4, डोळ्यांच्या लालीचे 4. झाले 14. आता दुसरा भाग. पाऊस पडतो आहे, 5 गुण. दूषित पाण्याशी संबंध आला, 4 गुण. एकूण 23. हे गुण ‘लेप्टो असू शकतो’ या पट्ट्यात बसतात. नुसत्या पावसाला लाल डोळ्यांपेक्षा जास्त गुण आहेत! आकाशातल्या ढगांना रोगनिदानात गुण मिळावेत ही गोष्ट मला वैद्यकातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. माणसाच्या आजाराचं अर्धं कारण त्याच्या शरीराबाहेर असतं, याची ती आकड्यांत केलेली नोंद आहे. पुढे आठवड्याने आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह आली की तिचे 15 गुण मिळतात आणि शंकेला फारशी जागा राहत नाही. पण औषध तोवर थांबवायचं नसतं. 23 गुणांवर डॉक्टर उपचार सुरू करतात.

औषधं साधी आणि जुनी आहेत. आजार सौम्य असेल तर मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. आजार गंभीर असेल तर रुग्णालयात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. बहुतेक रुग्ण सौम्य गटातलेच असतात. काहींना तर नुसता ताप येऊन जातो आणि काय झालं होतं ते कधी कळतही नाही.

जे थोडे गंभीर होतात त्यांचं चित्र 1886 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या अडोल्फ वाइल यांनी मांडलं: ताप, कावीळ, मूत्रपिंडं बिघडणं. त्यांना कारण ठाऊक नव्हतं. 1915 च्या सुमारास जपानच्या क्यूशू बेटावर इनादा आणि इदो यांनी कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांच्या आजारातून हा जिवाणू शोधून काढला. ओल्या खाणी आणि पाणी साचलेली भातशेतं या तिथल्या जागा, आणि आपल्याकडे कोकणात, गोव्यात चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्यांना जडणारा आजार तोच. सिंधुदुर्गात लेप्टो शेतकऱ्याचा आजार म्हणून ओळखीचा आहे. तिथे तुंबलेल्या रस्त्याची गरज नसते, खाचर पुरे.

या गंभीर रूपातही एक चकित करणारी गोष्ट आहे. काविळीत डोळे हळदीसारखे पिवळे होतात, रक्तातलं बिलिरुबिन कितीतरी पटीने वाढतं, आणि तरी यकृताच्या पेशी मेल्याची खूण सांगणारं एसजीपीटी थोडंच वाढलेलं असतं. साध्या विषाणूजन्य काविळीत ते हजारांत जातं. म्हणजे यकृताच्या पेशी फारशा मेलेल्या नसतात, एकमेकींपासून सुट्या झालेल्या असतात आणि पित्त रक्तात गळत असतं. मूत्रपिंडाचंही तसंच. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तात पोटॅशियम साचतं, हा नेहमीचा नियम. लेप्टोत सुरुवातीला अनेकदा उलटं, पोटॅशियम कमी आणि लघवी भरपूर, कारण बिघाड नलिकांच्या शोषून घेण्याच्या कामात असतो. रचना उद्ध्वस्त होत नाही, काम थांबतं. म्हणूनच वेळेत डायलिसिस मिळालं तर ही मूत्रपिंडं बहुतेक वेळा पूर्ण सुधारतात, यकृतही सुधारतं. भीती खरी असते ती फुप्फुसांची. तिथल्या केशवाहिन्या फुटून रक्तस्राव झाला तर कावीळ नसतानाही काही तासांत रुग्ण दगावू शकतो. खोकल्यातून रक्ताचा ठिपका किंवा तापात लागलेली धाप दिसली तर सकाळपर्यंत वाट पाहायची नाही.

आपला गृहस्थ चौथ्या दिवशी डॉक्टरकडे गेला, त्याने लाल डोळे दाखवले आणि डॉक्टरांनी 9 जुलैची गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, लघवी आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवलं, सहा-सात दिवसांनी आलेला आयजीएमचा अहवाल पॉझिटिव्ह निघाला. तेव्हा तो ताप उतरून जेवायला लागला होता. मधल्या काळात त्याने अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या असत्या तर आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार पडला असता. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच, तेही ठरलेल्या मात्रेत.

तुम्हाला यंदा तुंबलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर घरी येताच पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरला विचारा. महापालिकेचे दवाखाने अशा वेळी प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देतात. पाण्यात किती वेळ होतात आणि पायाला जखम होती का, यावर मात्रा ठरते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलं यांना दुसरं औषध देतात, म्हणून शेजाऱ्याची गोळी परस्पर घेऊ नका. या गोळीने धोका कमी होतो, संपत नाही. ती घेतली असली तरी पुढचा महिनाभर ताप आला तर पाण्यात उतरल्याची तारीख डॉक्टरला आपणहून सांगा, आणि लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा दम लागला तर थेट रुग्णालय गाठा.